प्रोस्टेटचं इन्फेक्शन : एकाला दोन आठवडे गोळ्या, दुसऱ्याला सहा, असं का?

ओळखीतल्या दोन माणसांना एकाच वर्षी प्रोस्टेटचं इन्फेक्शन झालं. एकाला डॉक्टरांनी १४ दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि दुसऱ्याला सहा आठवड्यांच्या. दुसऱ्याच्या घरच्यांनी लगेच निष्कर्ष काढला की हा डॉक्टर लुटतोय, आणि दहाव्या दिवशी जळजळ थांबल्यावर गोळ्या बंद केल्या. दोन महिन्यांनी तेच दुखणं परत. खरं तर दोन्ही डॉक्टर बरोबर होते, कारण नाव जवळपास सारखं असलं तरी हे दोन वेगळे आजार आहेत.

प्रोस्टेट ही पुरुषांमधली साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी, मूत्राशयाच्या खाली, लघवीची नळी तिच्या मधून जाते. अचानक होणाऱ्या म्हणजे अ‍ॅक्यूट प्रकारात बहुतेक वेळा आतड्यातलाच ई. कोलाय हा जंतू लघवीच्या वाटेने तिथे पोचतो आणि माणूस एक-दोन दिवसांत आडवा होतो. हुडहुडी भरून ताप, लघवीला जळजळ, सारखं जावं लागणं, वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या भागात दुखणं, कंबर दुखणं, आणि कधी कधी ग्रंथी इतकी सुजते की लघवीच अडते. लघवी अडली किंवा तापासोबत उलट्या, गरगरणं असं काही असलं तर ते घरी बसून बघायचं दुखणं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं.

तपासणी सोपी आहे पण वेळ महत्त्वाची. गोळी सुरू करायच्या आधी मधल्या धारेची लघवी कल्चरला द्यायची, ताप जास्त असेल तर रक्ताचं कल्चरही. आपल्याकडे काय होतं की मेडिकलमधून आधीच दोन दिवस काहीतरी अँटिबायोटिक खाल्लेलं असतं, मग कल्चरमध्ये काहीच उगवत नाही आणि नेमका कुठला जंतू, तो कुठल्या औषधाला दाद देतो हे कळायचा दरवाजा बंद होतो. या अवस्थेत प्रोस्टेट दाबून द्रव काढायची तपासणी मात्र करायची नसते, कारण दाबल्यावर जंतू रक्तात जाऊ शकतात. पीएसए ही प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी करतात ती रक्ततपासणीही तेव्हा करून उपयोग नाही, सुजेमुळे आकडा वाढलेलाच येतो आणि घरात कॅन्सरची भीती शिरते. इन्फेक्शन गेल्यावर सहा ते आठ आठवडे थांबून केलेली बरी.

आता जुनाट म्हणजे क्रॉनिक प्रकार. इथे ताप बहुतेक नसतो. तीन महिन्यांहून जास्त काळ खाली मंद दुखतं, वीर्यस्खलनाच्या वेळी दुखतं, मधूनमधून लघवीचं इन्फेक्शन होतं आणि प्रत्येक वेळी कल्चरमध्ये तोच जंतू येतो. हा 'तोच जंतू' मोठा पुरावा आहे. दोन झटक्यांच्या मधे लघवी तपासली तर ती स्वच्छही येऊ शकते, कारण जंतू मूत्राशयात नसून प्रोस्टेटच्या बारीक नळ्यांमध्ये दडलेला असतो. म्हणून १९६८ मध्ये मिअर्स आणि स्टेमी या डॉक्टरांनी चार नमुन्यांची पद्धत मांडली. लघवीचे पहिले १० मिली वेगळे, मग मधली धार, मग प्रोस्टेट दाबून आलेले थेंब, आणि त्यानंतरच्या लघवीचे पहिले १० मिली. पहिला नमुना नळीबद्दल सांगतो, दुसरा मूत्राशयाबद्दल, शेवटचे दोन प्रोस्टेटबद्दल. आता हे चारही फार कमी लोक करतात, दाबण्याआधीची मधली धार आणि दाबल्यानंतरची लघवी असे दोनच नमुने घेतात. समजा ४५ वर्षांच्या एकाला वर्षात तीन वेळा ई. कोलायचं इन्फेक्शन झालंय. आधीच्या नमुन्यात मिलीमागे २०० जंतू आले आणि नंतरच्यात ५०००. दहापट किंवा जास्त फरक असला की घर सापडलं, जंतू प्रोस्टेटमध्ये आहे. दोन्ही नमुन्यांत सारखेच भरपूर आले तर ते मूत्राशयाचं इन्फेक्शन असू शकतं, मग ते आधी बरं करून पुन्हा तपासावं लागतं.

आता मूळ प्रश्न, सहा आठवडे कशाला. मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट इथेच आहे. रक्तातून प्रोस्टेटच्या द्रवात जायला औषधाला पेशींचा स्निग्ध पडदा ओलांडावा लागतो. त्यातून विद्युतभार नसलेले रेणू सहज जातात, भार असलेले अडकतात. ट्रायमेथोप्रिम (को-ट्रायमॉक्साझोलमधलं एक औषध) हे सौम्य अल्कली आहे. रक्ताचा पीएच ७.४, तिथे त्याचा निम्म्याहून जास्त भाग भाररहित असतो. तो पलीकडे गेला आणि पलीकडचा द्रव आम्ल असला, समजा ६.४, तर तिथे बहुतेक रेणूंना भार चिकटतो आणि त्यांना परत येता येत नाही. साधं गणित केलं तर पलीकडे रक्ताच्या साधारण पाचपट औषध साठतं. कुत्र्यांवरच्या प्रयोगांत हे दिसलं तेव्हा सगळे खूश झाले. पण माणसाच्या इन्फेक्शन झालेल्या प्रोस्टेटचा द्रव अल्कली होतो, पीएच ८ च्या आसपास जाऊ शकतो, आणि तेच गणित ८ ला केलं की औषध रक्तातल्यापेक्षाही कमी, साधारण दोन तृतीयांश! सापळा उलटा फिरतो. पेनिसिलिन गटातली बरीच औषधं तर आम्ल प्रकृतीची, ती मुळातच कमी शिरतात. सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या फ्लुरोक्विनोलोन गटाच्या रेणूवर आम्ल आणि अल्कली दोन्ही टोकं असतात म्हणून ती बऱ्यापैकी आत जातात, त्यामुळे जुनाट प्रकारात तीच पहिली पसंती. नायट्रोफ्युरँटोइन लघवीत छान साठतं पण प्रोस्टेटमध्ये पोचत नाही, म्हणून मूत्राशयाच्या इन्फेक्शनला चालणारी गोळी इथे फसते.

अ‍ॅक्यूटमध्ये सूज इतकी असते की हा पडदाच गळका होतो आणि एरवी न शिरणारी औषधंही आत जातात. म्हणून सुरुवातीला शिरेतून इंजेक्शन, ताप उतरला की गोळ्या, एकूण दोन ते चार आठवडे बहुतेकांना पुरतात. ४८ ते ७२ तासांत ताप उतरत नसेल तर आत पू साठलाय का ते स्कॅन करून बघतात. जुनाट प्रकारात पडदा शाबूत, वर जंतू नळ्यांतल्या खड्यांवर चिकट थर करून बसलेला, म्हणून फ्लुरोक्विनोलोन चार ते सहा आठवडे, आणि को-ट्रायमॉक्साझोल द्यावं लागलं तर बऱ्याचदा त्याहून लांब. यात अडचण अशी की आपल्याकडच्या ई. कोलायपैकी बरेच आता फ्लुरोक्विनोलोनला दाद देत नाहीत, शिवाय या औषधांनी टाचेच्या स्नायुबंधाला इजा होऊ शकते. टाच दुखायला लागली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना सांगायचं. जंतू कुठल्या औषधाला दाद देतो हे सांगणाऱ्या सेन्सिटिव्हिटीच्या रिपोर्टशिवाय सहा आठवडे औषध खाणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

आणि एक गोष्ट, क्रॉनिक प्रोस्टेटायटिस असं लिहून आलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के पुरुषांत जंतू सापडतच नाही. दुखणं खरं असतं, पण ते ओटीपोटाच्या स्नायूंचं, नसांचं असू शकतं, तिथे वारंवार अँटिबायोटिक देऊन काही हाती लागत नाही, फिजिओथेरपी, लघवीची वाट सैल करणारी अल्फा ब्लॉकर औषधं, वेदनेवरचे उपचार यांनी काहींना आराम पडतो. नेमका हाच माणूस भिंतीवरच्या 'धातू जाणे, गुप्तरोग, शर्तिया इलाज'वाल्या जाहिरातींच्या तावडीत सापडतो. हस्तमैथुनामुळे प्रोस्टेट सडतं असं तिथे सांगतात, त्याला काडीचाही आधार नाही, आणि भस्मांच्या पुड्यांत शिसं निघाल्याची उदाहरणं आहेत.

लघवीत पू-पेशी भरपूर पण साधं कल्चर पुन्हा पुन्हा कोरं, असा रिपोर्ट आला तर भारतात टीबीचाही विचार करावा लागतो, कारण प्रोस्टेटला टीबी होऊ शकतो आणि त्याचा जंतू साध्या कल्चरमध्ये वाढत नाही. अशा वेळी फ्लुरोक्विनोलोन परत सुरू केलं तर टीबी थोडा दबतो, माणसाला बरं वाटतं आणि निदान लांबतं. म्हणून तिसऱ्यांदा तीच गोळी लिहून मिळाली तर सकाळच्या लघवीची टीबीसाठीची तपासणी झालीय का, हे डॉक्टरांना विचारायचं आणि ती गोळी सुरू करायच्या आधी विचारायचं.