नाममात्र उत्पन्न लक्ष्य

नाममात्र उत्पन्न लक्ष्य म्हणजे मध्यवर्ती बँकेने महागाईचा दर नव्हे, तर देशाच्या एकूण उत्पन्नाची चालू किमतींत मोजलेली वाढ ठरावीक मार्गावर ठेवण्याचे चलनविषयक धोरण. या वाढीत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात : प्रत्यक्ष उत्पादन किती वाढले आणि किमती किती वाढल्या. बँक दोन्हींच्या बेरजेकडे पाहते, त्यातला वाटा कोणाचा किती हे ठरवत नाही. ही कल्पना ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस मांडली. २००८च्या आर्थिक संकटानंतर अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ स्कॉट समनर यांनी तिचा जोरदार पुरस्कार केला, आणि २०१२ मध्ये मायकेल वुडफोर्ड यांनीही तिची बाजू घेतली. दरम्यान १९९०पासून न्यूझीलंडने सुरू केलेली महागाई लक्ष्याची पद्धत अनेक देशांत रुळली होती.

मागणी घटली की उत्पादन आणि किमती दोन्ही खाली येतात, आणि दोन्ही पद्धती व्याजदर कमी करायलाच सांगतात. खरा फरक पुरवठ्याला धक्का बसला की दिसतो, कारण तेव्हा उत्पादन घटते आणि किमती मात्र चढतात.

समजा, एका अर्थव्यवस्थेचे उत्पन्न १,००० आहे. दरवर्षी उत्पादन ३ टक्के आणि किमती २ टक्के वाढतात, म्हणून उत्पन्न साधारण ५ टक्क्यांनी वाढून १,०५० होईल असे सगळे धरून चालतात. पगाराचे करार आणि कर्जाचे हप्ते त्याच अंदाजावर ठरलेले आहेत. त्या वर्षी पीक बुडते आणि उत्पादनाची वाढ शून्यावर येते. नाममात्र उत्पन्नाचे लक्ष्य ५ टक्के असेल, तर बँक काहीच करत नाही : किमती ५ टक्के चढतात, पगारही ५ टक्के वाढलेले असतात, त्यामुळे खरे पगार, म्हणजे पगारात किती वस्तू घेता येतात ते, जागच्या जागी राहतात. उत्पादनच वाढले नाही, तेव्हा खऱ्या पगाराला वाढायला जागाही नव्हती. नुकसान सगळ्यांत वाटले जाते आणि नोकऱ्या टिकतात.

महागाईचे २ टक्क्यांचे लक्ष्य काटेकोरपणे पाळायचे, तर बँकेला व्याजदर वाढवून एकूण खर्च १,०२०वर रोखावा लागतो. कंपन्यांची विक्री २ टक्के वाढते, पगाराचे बिल मात्र करारानुसार ५ टक्के. मग माणसे कमी केली जातात, उत्पादन शून्याच्याही खाली जाते आणि पिकाच्या नुकसानीवर बेरोजगारीची भर पडते. उलट, उत्पादकता अचानक ५ टक्के वाढली, तर नाममात्र लक्ष्य किमती स्थिर राहू देते. महागाई लक्ष्य मात्र किमती २ टक्क्यांवर आणण्यासाठी जास्तीचा पैसा ओतायला लावते.

महागाई लक्ष्याचे समर्थक म्हणतात की व्यवहारात बँका इतक्या ताठर नसतात, तात्पुरत्या धक्क्याकडे त्या दुर्लक्ष करतात. हे खरे आहे, पण त्यासाठी धक्का कुठला आणि किती दिवसांचा हे वेळेत ओळखावे लागते. जुलै २००८ मध्ये इंधन महागल्यामुळे युरोक्षेत्रातील महागाई ४ टक्क्यांवर होती. युरोपीय मध्यवर्ती बँकेने मुख्य व्याजदर ४ वरून ४.२५ टक्के केला. त्या वेळी तेथील मंदी सुरू झालेली होती, आणि ऑक्टोबरमध्ये दर खाली आणावा लागला. एप्रिल आणि जुलै २०११ मधील दोन दरवाढीही त्याच वर्षाच्या नोव्हेंबर-डिसेंबरात मागे घ्याव्या लागल्या. नाममात्र उत्पन्नावर नजर असती, तर आयात तेलाच्या भाववाढीने इतकी दिशाभूल झाली नसती, कारण देशाच्या उत्पन्नात आयात वजा होते. ग्राहक किंमत निर्देशांकात मात्र ती सरळ उतरते.

लक्ष्य वाढीच्या दराचे न ठेवता पातळीचे ठेवले, तर चुकलेले भरून काढावे लागते. १,०५० ऐवजी उत्पन्न १,०२९ झाले, तरी पुढच्या वर्षीचे ठिकाण १,१०२.५च राहते, म्हणजे त्या वर्षी ७ टक्क्यांहून थोडी अधिक वाढ हवी.

या पद्धतीची मर्यादाही पुरवठ्यातच आहे. उत्पादनाची वाढ कायमची ३ वरून १ टक्क्यावर आली आणि लक्ष्य ५ टक्केच ठेवले, तर महागाई कायमची ४ टक्क्यांवर बसते. तेव्हा लक्ष्य बदलायचे की नाही, हा प्रश्न पुन्हा बँकेपुढे येतोच, आणि एकदा बदलले की लोकांचा त्यावरचा भरवसा कमी होतो.

दुसरी अडचण मोजमापाची. महागाईचे आकडे दरमहा येतात, राष्ट्रीय उत्पन्नाचे बहुधा तिमाहीला, आणि नंतर अनेकदा सुधारले जातात. आयर्लंडने जुलै २०१६ मध्ये आदल्या वर्षाची वाढ २६.३ टक्के असल्याचे जाहीर केले. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली मालमत्ता कागदोपत्री तिथे हलवल्याचा तो मोठा परिणाम होता. लोकांची मिळकत तितकी वाढलेली नव्हती. म्हणून काही पुरस्कर्ते प्रसिद्ध आकड्याऐवजी पुढील वर्षाच्या उत्पन्नाच्या अंदाजाला लक्ष्य करावे असे सुचवतात.