आकृतीविना परिणामी बल

बाणांची आकृती गळून पडली आणि नुसते आकडे उरले, की परिणामी बल काढण्याचे गणित बहुधा अपुरे राहते. बल ही सदिश राशी आहे. आकडा तिचे परिमाण सांगतो, दिशा मात्र बाणाकडे असते.

एका वस्तूवर 8 न्यूटन आणि 5 न्यूटन अशी दोन बले लागली आहेत, एवढेच दिले आहे असे समजा. दोन्ही एकाच दिशेने असतील तर परिणामी बल 13 न्यूटन, आणि समोरासमोर असतील तर 3 न्यूटन. खरे उत्तर या दोन टोकांच्या दरम्यान कुठेही असू शकते. अनेक जण सवयीने काटकोन धरून सुमारे 9.4 लिहितात. काटकोनाचा उल्लेख नसताना तसे करणे म्हणजे आपल्या मनातली आकृती प्रश्नावर लादणे होय.

पर्याय दिलेले असतील तर ही मर्यादा कामी येते. 2, 7, 14 आणि 16 अशा पर्यायांत फक्त 7 बसतो. तो खालील सूत्रात घातला की दोन बलांमधला कोनही सापडतो:

```
R² = A² + B² + 2AB cos θ
49 = 64 + 25 + 80 cos θ
cos θ = −0.5,  θ = 120°
```

तरीही 5 न्यूटनचे बल 8 न्यूटनच्या बलाच्या डावीकडे होते की उजवीकडे, हे कळत नाही. परिणामी बलाची दिशा विचारली असेल तर आकृतीवाचून इलाज नाही.

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे आकड्यांसोबत कोन उरतो, पण तो कुठे मोजला होता हे हरवते. वरच्याच बलांबरोबर ‘60°’ लिहिलेले आहे. दोन्ही बाणांच्या शेपट्या एका बिंदूत ठेवून त्यांच्यामध्ये हा कोन असेल, तर उत्तर √129, म्हणजे सुमारे 11.4 न्यूटन. पण एका बाणाच्या टोकाला दुसऱ्याची शेपटी जोडून काढलेल्या त्रिकोणाच्या आत तो मोजलेला असेल, तर शेपट्यांमधला कोन 120° होतो आणि उत्तर 7 न्यूटन येते. सूत्रातला θ नेहमी शेपट्यांमधला असतो. चूक होते ती इथेच.

छापील उत्तर हाताशी असेल तर गफलत ओळखता येते. शेपट्यांमधला कोन काटकोनाहून लहान असेल तर परिणामी बल दोन्ही बलांपेक्षा मोठेच निघते. म्हणून 60° च्या शेजारी 7 हे उत्तर दिसले, तर तो कोन त्रिकोणातला होता असे समजावे.

बले तीन असली तर मोठी मर्यादा तिन्हींची बेरीज. लहान मर्यादा काढताना सर्वांत मोठे बल उरलेल्या दोघांच्या बेरजेशी ताडून पाहावे. 8, 5 आणि 7 ही बले एकमेकांना पूर्ण तोलू शकतात, कारण त्यांचा त्रिकोण बनतो. 8, 5 आणि 2 यांचा बनत नाही. तिथे कसेही बाण फिरवले तरी किमान 1 न्यूटन उरतोच. ‘वस्तू समतोलात आहे’ असे वाक्य अशा आकड्यांसोबत आले, तर एखादा आकडा उतरवताना चुकला आहे किंवा चौथा बाण आकृतीबरोबरच गेला आहे.