नातेवाईक भरती धोरण

एकाच कंपनीत नात्यातली माणसं असतील तर ते नातं कधी आणि कोणाला सांगायचं, आणि कोणी कोणाच्या हाताखाली काम करायचं नाही, याचे लेखी नियम म्हणजे हे धोरण. पुण्यात चाकण, भोसरी, रांजणगावकडच्या कारखान्यांत बरीच भरती ओळखीतून होते, त्यामुळे नातेवाईक घ्यायचेच नाहीत असा नियम टिकत नाही. रोखायचं असतं ते नातेवाईकाच्या पगारावर, रजेवर, ओव्हरटाइमवर, अप्रेझलवर सही करणं.

कायदा इथे फार पुरत नाही. कंपनी कायदा २०१३ चं कलम १८८ हे डायरेक्टर आणि अगदी वरच्या अधिकाऱ्यांच्या नातेवाईकांपुरतं आहे, अशा नातेवाईकाला कंपनीत महिना अडीच लाखाच्या वर पगाराचं पद द्यायचं तर भागधारकांची मंजुरी लागते. शिवाय त्या कायद्याच्या यादीत नवरा-बायको, आईवडील, मुलं, सून, जावई, भाऊ-बहीण येतात पण मेहुणा, साडू, भाचा, पुतण्या, मामेभाऊ नाहीत, आणि शॉप फ्लोअरवर नेमकी हीच नाती जास्त दिसतात. म्हणून कंपनीने स्वतःची यादी लांब ठेवावी, कायद्यातली उचलून चिकटवू नये.

नातं सांगायच्या वेळा साधारण तीन, अर्ज करताना, जॉइनिंगला, आणि मध्येच लग्न किंवा बदलीमुळे नातं नव्याने आडवं आलं तर ठरलेल्या मुदतीत. फॉर्म दोघांनीही भरायचा, नुसता नव्या माणसाने नाही, कारण नव्या पोराला दाजी अडचणीत येतील म्हणून बोलायची भीती असते.

समजा चाकणच्या एका प्लांटमध्ये शिफ्ट इन्चार्जचा मेहुणा पॅकिंगला लागला. फॉर्म भरला, इन्चार्ज मुलाखतीला बसला नाही, एचआरने मेहुण्याला दुसऱ्या सुपरवायझरखाली दिलं. कागदावर सगळं ठीक, पण तो सुपरवायझर त्याच इन्चार्जला रिपोर्ट करतो आणि ओव्हरटाइमची यादी फायनल करतो इन्चार्जच, म्हणजे दुप्पट दराचे तास कोणाला मिळणार हे अजून त्याच्याच हातात! म्हणून धोरणात 'थेट किंवा अप्रत्यक्ष रिपोर्टिंग नाही' असं लिहावं लागतं, आणि तपासताना चार्ट न बघता मंजुरीच्या नोंदी बघाव्या लागतात, की गेल्या तीन महिन्यांत याच्या ओव्हरटाइमला, रजेला शेवटचा ओके कोणाचा. लाइनवरच्या बाकीच्यांपेक्षा तास सतत जास्त दिसले तर विचारायचं. इथे खरा उपाय म्हणजे मेहुण्याची शिफ्ट किंवा डिपार्टमेंट बदलणं, आणि ते होईपर्यंत त्याच्यापुरती सही प्लांट हेडची.

सगळ्यात जास्त निसटतो तो कॉन्ट्रॅक्टवरचा माणूस. तो ठेकेदाराच्या रोलवर असतो म्हणून कंपनीचा फॉर्म त्याच्यापर्यंत जातच नाही, पण हजेरी मात्र कंपनीचाच सुपरवायझर लावतो. त्यामुळे गेट पास बनवतानाच 'आत कोणी नातेवाईक आहे का' हा रकाना ठेवावा आणि ठेकेदाराच्या करारात ते सांगणं बंधनकारक करावं.