तक्ता फोटोतून मार्कडाउनमध्ये उतरवताना

खान्देशातल्या अभ्यासिकांमध्ये सरळसेवा भरतीची तयारी करणाऱ्या मुलांच्या हातात आता वहीइतकाच मोबाइल असतो. मार्गदर्शक पुस्तकातल्या पानाचा फोटो काढायचा, त्यातला मजकूर ओसीआरने, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, उचलायचा आणि ऑब्सिडियन किंवा जॉप्लिनसारख्या नोंदींच्या अॅपमध्ये चिकटवायचा. साधा परिच्छेद बऱ्यापैकी जमतो. पण तापीच्या उपनद्यांची यादी आणि जिल्हावार लोकसंख्येचा तक्ता असलेलं पान आलं, की सगळा मजकूर एका ढिगात पडतो. अमळनेरच्या एका मुलीने तसला ढीग मला दाखवला आणि विचारलं, "दादा, अक्षरं सगळी बरोबर आहेत, मग तक्ता कुठे गेला?"

अक्षरं ओळखणं आणि पानाची मांडणी ओळखणं ही दोन वेगळी कामं आहेत. कागदावर 'शीर्षक' किंवा 'तक्ता' नावाची कुठली वस्तू नसते. असते ती फक्त शाई आणि तिच्यामधली मोकळी जागा. मोठ्या अक्षरातली सुटी ओळ म्हणजे शीर्षक, हे वाचणाऱ्याला सवयीने कळतं. मार्कडाउन म्हणजे ही नोंदींची अॅप वापरतात ती लेखनपद्धत, तिच्यात मात्र ते साध्या चिन्हांनी लिहून दाखवावं लागतं: शीर्षकाआधी `#`, यादीच्या कलमाआधी `-` किंवा `1.`, तक्त्यातल्या रकान्यांमध्ये `|`. म्हणजे जागेवरून कळणारी गोष्ट चिन्हात आणायची असते, आणि नेमकी तिथेच गफलत होते.

फोटोबद्दल फार सांगण्यासारखं नाही. छापील मजकुरासाठी इंचाला ३०० ठिपके असावेत असं मानतात. ए-फोर पानाला तेवढे ठिपके म्हणजे साधारण २४८० गुणिले ३५०८, आणि आजच्या बहुतेक फोनचा कॅमेरा ते सहज देतो. फक्त पुस्तकाच्या शिवणीजवळ पान वाकतं आणि तिथल्या ओळी कमानीसारख्या दिसतात, म्हणून पान दाबून सपाट करावं. मित्राकडून फोटो मागवायचा असेल तर व्हॉट्सअॅपवर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगावा, कारण नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो बारीक होऊन येतो आणि अनुस्वाराचे टिंब सगळ्यांत आधी जातात.

टेसरॅक्ट हा फुकट आणि खुला ओसीआर मराठीही वाचतो. १९८० च्या दशकात ह्यूलेट-पॅकार्डमध्ये त्याचं काम सुरू झालं, २००५ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. संगणकावर तो असा चालवतात:

```
tesseract paan.jpg paan -l mar --psm 3 tsv
```

शेवटच्या `tsv` मुळे नुसता मजकूर न येता प्रत्येक शब्द पानावर डावीकडून किती ठिपक्यांवर आहे, वरून किती, त्याची उंची किती आणि ओळखीची खात्री किती, हे सगळं एका फायलीत मिळतं. मांडणी शोधायची ती याच आकड्यांतून. ज्या ओळीची उंची आजूबाजूच्या ओळींपेक्षा ठळकपणे जास्त आणि जिच्या वर-खाली मोकळी जागा, ती शीर्षक असण्याची शक्यता मोठी. ज्या ओळी थोड्या आत सरकून सुरू होतात, त्या बहुधा यादीतल्या.

मराठीत या उंचीच्या हिशेबात एक खोच आहे. 'धुळे' शब्दाची चौकट वर मात्रेपासून खाली उकारापर्यंत जाते, 'जळगाव' शब्दाची मात्र शिरोरेषेपासून सुरू होते. दोन्ही एकाच टाइपात असले तरी पहिला उंच भरतो. म्हणून एकेका शब्दाची उंची मोजून शीर्षक ठरवू नये, संपूर्ण ओळींची तुलना करावी. त्याहून भरवशाची खूण म्हणजे क्रमांक. '३' हा पाठाचा असेल तर '३.२' हा त्याच्या पोटातला, मग पहिल्याला `#` आणि दुसऱ्याला `##`. मी तर क्रमांक छापलेला असेल तर उंचीकडे बघतच नाही. एक मात्र पाळावं: `#` नंतर एक जागा सोडायची. ऑब्सिडियनमध्ये जागा न सोडता `#लोकसंख्या` लिहिलं तर ते शीर्षक न होता टॅग होतं.

आता तक्त्याकडे. त्या मुलीच्या पानावर २०११ च्या जनगणनेतली तीन जिल्ह्यांची लोकसंख्या होती. डावीकडे जिल्हा, मग 'लोकसंख्या' असं एक रुंद डोकं, आणि त्याच्या खाली पुरुष, स्त्रिया, एकूण असे तीन रकाने. टेसरॅक्टची `--psm 3` ही नेहमीची पद्धत आधी पानाचे स्तंभ पाडते. वर्तमानपत्रात पहिला स्तंभ खालपर्यंत वाचून मग दुसरा घेतात, तसं ती तक्त्यालाही वागवू शकते. रकान्यांमधली उभी मोकळी जागा तिला स्तंभांमधली जागा वाटते. मग आधी तिन्ही जिल्हे एकाखाली एक येतात, त्यानंतर पुरुषांचे तीन आकडे, मग स्त्रियांचे. प्रत्येक अक्षर बरोबर, तरी कुठला आकडा कुणाचा ते गेलं. यावर उपाय सोपा आहे. तक्त्यापुरता तुकडा फोटोतून कापून वेगळा करायचा आणि तो `--psm 6` ने वाचायचा. ही पद्धत सगळा तुकडा एकच ठोकळा समजून आडव्या ओळी वाचते, त्यामुळे जिल्हा आणि त्याचे आकडे एका ओळीत राहतात.

दुसरी अडचण त्या रुंद डोक्याची. मार्कडाउनच्या तक्त्यात दोन घरं जोडता येत नाहीत. २००४ साली जॉन ग्रुबर यांनी मार्कडाउन आणलं तेव्हा त्याच्या लेखनपद्धतीत तक्ता नव्हताच, तो नंतरच्या विस्तारांतून आला आणि साधाच राहिला. त्यामुळे 'लोकसंख्या' हे वरचं डोकं तक्त्याच्या शीर्षकात न्यायचं आणि खालचे रकाने तेवढे ठेवायचे:

```
## ३.२ लोकसंख्या (२०११)

| जिल्हा | पुरुष | स्त्रिया | एकूण |
|---|---:|---:|---:|
| जळगाव | २१,९७,३६५ | २०,३२,५५२ | ४२,२९,९१७ |
| धुळे | १०,५४,०३१ | ९,९६,८३१ | २०,५०,८६२ |
| नंदुरबार | ८,३३,१७० | ८,१५,१२५ | १६,४८,२९५ |
```

दुसऱ्या ओळीतल्या रेघांमुळेच हा तक्ता ठरतो. तिथली घरं आणि डोक्यातली घरं सारखी भरली नाहीत तर अॅप तक्ता काढतच नाही. ती चूक लगेच दिसते, म्हणून तिची भीती नाही. भीती आहे ती खालच्या ओळींची. छापील तक्त्यातली उभी रेघ ओसीआरला कधी `।` हा दंड वाटते, कधी `|`. असा एखादा जास्तीचा `|` धुळ्याच्या ओळीत नावानंतर शिरला की त्या ओळीत पाच घरं होतात, सगळे आकडे एक घर उजवीकडे सरकतात आणि डोक्यात चारच घरं असल्यामुळे पाचवं मुकाट्याने गळतं. तक्ता नीटनेटका दिसतो, पण धुळ्याची एकूण लोकसंख्या गायब असते आणि तिच्या जागी स्त्रियांची संख्या बसलेली असते.

आकडे तपासायला तक्त्यातच सोय आहे, बेरीज करायची. मराठी अंकांत १ आणि ९ एकमेकांच्या जागी वाचले जाऊ शकतात, फोटो धूसर असला तर जास्तच. समजा धुळ्याच्या स्त्रियांचा आकडा ९,९६,८३१ ऐवजी १,९६,८३१ असा आला. पुरुषांचे १०,५४,०३१ त्यात मिळवले की १२,५०,८६२ होतात, आणि छापलेली एकूण २०,५०,८६२ आहे. फरक बरोबर ८,००,०००. बाकीचे सगळे अंक जुळतात आणि फरक फक्त लाखाच्या घरात आठचा आहे, तेव्हा तिथे नऊचा एक झाला हे फोटो न बघताही सांगता येतं. दोनतीन अंक एकदम चुकले असतील तर फरक असा गोल येत नाही, मग ती ओळ पुन्हा वाचावी.

ही बेरीज हाताने नको असेल तर पायथनमध्ये करता येते. स्वल्पविराम काढून टाकले की `int("९९६८३१")` हे पायथनला थेट समजतं, मराठी अंक बदलावे लागत नाहीत.

याद्यांमध्ये मात्र मराठी अंक नडतात. पानावर तापीच्या डाव्या तीराच्या उपनद्या अशा होत्या: १. वाघूर, २. गिरणा, ३. बोरी, ४. पांझरा. मार्कडाउनच्या नियमात क्रमांकाच्या यादीसाठी 0 ते 9 हेच अंक चालतात. `१. वाघूर` ही त्याच्या दृष्टीने साधी ओळ. ऑब्सिडियन ओळी तशाच तोडून दाखवतं, म्हणून सगळं ठीक वाटतं. तीच नोंद दुसरीकडे नेली की चारही नद्या एका परिच्छेदात वाहू लागतात. म्हणून यादीचा क्रमांक तेवढा बदलायचा, मजकुरातले आणि तक्त्यातले अंक आहेत तसे राहू द्यायचे:

```
- डावा तीर
  1. वाघूर
  2. गिरणा
  3. बोरी
  4. पांझरा
- उजवा तीर
  1. अनेर
  2. गोमाई
```

आतली यादी किती सरकवायची, याचाही नियम आहे: वरच्या कलमाचा मजकूर जिथून सुरू होतो तिथपर्यंत. `- ` असेल तर दोन जागा, `1. ` असेल तर तीन. कमी सरकवलं तर उपनदी थेट तीराच्या पातळीवर येऊन बसते.

क्रमांकाच्या यादीत आणखी एक सापळा आहे आणि तो मला सगळ्यांत वाईट वाटतो. ओसीआरने तिसरं कलम गाळलं आणि यादी 1, 2, 4 अशी आली, तर वाचताना बहुतेक अॅप ती 1, 2, 3 अशी दाखवतात. पहिला क्रमांक तेवढा पाळला जातो, पुढचे अॅप स्वतः मोजतं. बोरी नदी गेली आणि खूणही उरली नाही. म्हणून चिकटवण्याआधी कच्च्या मजकुरात क्रमांक सलग आहेत का ते पाहावं. छापील गोल टिंबाच्या याद्यांत तीही सोय नसते, तिथे कलमं मोजण्यावाचून इलाज नाही.

अलीकडे फोटो बघून थेट मार्कडाउन देणारी एआयची भाषा-प्रारूपं आली आहेत. शीर्षकं आणि जोडलेली डोकी ती टेसरॅक्टपेक्षा पुष्कळ चांगली सांभाळतात, कारण ती पानाकडे अख्खं पाहतात. पण त्यांच्या चुकांची जात वेगळी. टेसरॅक्टला अक्षर दिसलं नाही तर तो काहीतरी विचित्र लिहितो आणि खात्रीचा आकडाही खाली येतो, त्यामुळे चूक डोळ्यांत खुपते. ही प्रारूपं पुसट जागी शोभेल असा आकडा भरू शकतात. त्यावर बेरजेची चाचणी तितकीच लागू पडते, शब्दांवर मात्र ती चालत नाही. गावांची आणि नद्यांची नावं फोटोशी एकेक ताडून पाहावी लागतात.

बेरीजही सगळं पकडत नाही. पुरुष आणि स्त्रिया ही दोन डोकी उलटी पडली तर तिन्ही ओळींची एकूण तशीच जुळते. वरच्या तक्त्यात तिन्ही जिल्ह्यांत पुरुषांचा आकडा मोठा आहे, हे फोटोत एकदा पाहून ठेवलं की तेवढी चूक कळते. ऑब्सिडियनमध्ये तक्त्याच्या खाली `![[paan.jpg]]` लिहून मूळ फोटो तिथेच ठेवता येतो, म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री एखाद्या आकड्याबद्दल शंका आली तर पुस्तक शोधावं लागत नाही.