नारिंगी लघवी, काळवंडलेली त्वचा आणि निळसर ओठ

कुष्ठरोगाचे जंतू शरीरात भरपूर असलेल्या प्रौढ रुग्णाला बारा महिने तीन औषधे दिली जातात. त्यांचे पाकीट 28 दिवसांचे असते. पहिल्या दिवशी आरोग्य कर्मचाऱ्यासमोर रिफॅम्पिसिन 600 मिलिग्रॅम, क्लोफाझिमिन 300 मिलिग्रॅम आणि डॅप्सोन 100 मिलिग्रॅम घ्यायचे. उरलेले 27 दिवस घरी रोज डॅप्सोन 100 आणि क्लोफाझिमिन 50 मिलिग्रॅम. म्हणजे तिघांतले सर्वांत जोरकस औषध, रिफॅम्पिसिन, महिन्यातून एकदाच पोटात जाते.

हे चालते, कारण हा जंतू कमालीचा संथ आहे. एकाचे दोन व्हायला त्याला जवळजवळ दोन आठवडे लागतात. रिफॅम्पिसिन जंतूच्या आरएनए पॉलिमरेज या एन्झाइमला जाऊन चिकटते. मग जनुकांवरून आरएनए बनत नाही, प्रथिने बनत नाहीत आणि जंतू मरतो. एकाच मात्रेत बहुतांश जिवंत जंतू संपतात. प्रश्न उरलेल्यांचा असतो. या एन्झाइमच्या जनुकात बदल झालेला एखादा जंतू वाचला, तर तो आणि त्याची पिल्लावळ रिफॅम्पिसिनला जुमानणार नाही. त्याला गाठायला उरलेली दोन औषधे हवीत.

एकट्या औषधावर विसंबल्याचा अनुभव आधीच गाठीशी होता. अनेक वर्षे कुष्ठरोगावर डॅप्सोन एकटेच दिले जात होते. जंतूला वाढीसाठी लागणारे फोलेट हे जीवनसत्त्व स्वतः बनवावे लागते. डॅप्सोन त्या कामातले एक एन्झाइम अडवते आणि जंतूची वाढ थांबवते. पण ते जंतूला फारसे मारत नाही, म्हणून वर्षानुवर्षे घ्यावे लागे. 1964 मध्ये मलेशियातल्या रुग्णांमध्ये डॅप्सोनला दाद न देणारे जंतू सिद्ध झाले आणि पुढे ते जगभर आढळू लागले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने 1981 मध्ये औषधे एकत्र देण्याची शिफारस केली, ती या पार्श्वभूमीवर.

आता असा एक रुग्ण डोळ्यांसमोर आणू. पहिल्या मात्रेनंतर काही तासांत त्याला नारिंगी-लाल लघवी होते. आधी कुणी सांगितले नसेल तर रक्त जातेय असे वाटून तो हादरतो. हा रिफॅम्पिसिनचा स्वतःचा रंग. एक-दोन दिवसांत जातो, अपायकारक नाही. मात्र डोळे पिवळे झाले, भूक मेली, तर ते यकृताचे दुखणे समजून तपासायला हवे.

महिना-दोन महिन्यांत त्वचा तांबूस-तपकिरी होऊ लागते आणि चट्ट्यांच्या जागा जास्तच काळवंडतात. क्लोफाझिमिन मुळात रंगद्रव्यच आहे. ते जंतूच्या डीएनएला चिकटते आणि पेशीत घातक ऑक्सिजन-रेणू तयार करते असे मानले जाते. शिवाय ते दाह कमी करते, त्यामुळे जंतूंविरुद्ध शरीराच्या प्रतिकारशक्तीची, त्वचेवर दुखऱ्या गाठी उठवणारी एक प्रतिक्रिया आटोक्यात राहायला मदत होते. ते चरबीत साठून अगदी हळूहळू बाहेर पडते, म्हणून औषध थांबल्यावरही रंग फिका व्हायला कित्येक महिने लागतात. वैद्यकीयदृष्ट्या हा किरकोळ त्रास. पण ज्या आजाराची लोकांपासून लपवाछपवी करावी लागते, त्यात चेहऱ्यावर उमटणारा रंग किरकोळ कसा असेल? गोळ्या मध्येच सोडण्यामागे हे कारण असू शकते, आणि ते पहिल्याच भेटीत बोलून ठेवलेले बरे.

खरी नजर ठेवायची ती डॅप्सोनवर. यकृतात त्यापासून बनणारा एक पदार्थ हिमोग्लोबिनमधल्या लोहाचे रूप बदलतो. मग ते ऑक्सिजन वाहून नेत नाही. ओठ आणि नखे निळसर दिसतात, बोटावरचे ऑक्सिमीटर कमी आकडा दाखवते आणि ऑक्सिजन देऊनही तो नीट वर येत नाही. तोच पदार्थ लाल पेशीही फोडतो. लाल पेशींना जपणारे जी-सिक्स-पीडी एन्झाइम जन्मतः कमी असलेल्यांत हे जास्त होते: धाप, फिकटपणा, गडद लघवी. ही गडद लघवी रिफॅम्पिसिनच्या नारिंगी रंगाशी गल्लत करण्यासारखी नाही. मासिक मात्रेशी तिचा संबंध नसतो.

आपल्या रुग्णाला मात्र पाचव्या आठवड्यात ताप येतो, अंगभर पुरळ उठते, मानेतल्या गाठी सुजतात आणि तपासणीत यकृताचे आकडे वाढलेले दिसतात. ही डॅप्सोनची अतिसंवेदनशीलता, दुर्मीळ पण जीवघेणी. एचएलए-बी*13:01 हा जनुकप्रकार असलेल्यांना तिचा धोका बराच जास्त असतो. इथे घोटाळा होतो तो कुष्ठरोगाच्या प्रतिक्रियेशी. तशा एका प्रतिक्रियेत जुने चट्टे लाल होऊन फुगतात, नसा दुखतात, हाता-पायाची ताकद जाऊ शकते. तेव्हा औषधे चालू ठेवून सोबत स्टेरॉइड देतात. इथे चट्टे जसेच्या तसे आहेत आणि नव्या, निरोगी त्वचेवर पुरळ आहे. म्हणून सगळ्या गोळ्या लगेच थांबवून रुग्णाला दाखल करतात आणि स्टेरॉइड देतात. यकृत सावरले की रिफॅम्पिसिन आणि क्लोफाझिमिन पुन्हा सुरू होतात. डॅप्सोन त्याला पुन्हा कधीही द्यायचे नाही, आणि ही नोंद त्याच्या उपचारपत्रावर ठळक अक्षरांत हवी.