रोस्टचा होस्ट आणि वक्त्यांचा क्रम : पार्श्वभूमी

न्यू यॉर्कमधल्या कलावंतांच्या एका क्लबात 1950 च्या आसपास रोस्टच्या, म्हणजे एका उत्सवमूर्तीला मंचावर बसवून तिची विनोदातून टर उडवण्याच्या, मेजवान्या रूढ झाल्या, तेव्हा त्या बंद दाराआडच्या आणि फक्त पुरुषांच्या होत्या. मंचावरचे बहुतेक एकमेकांना ओळखणारे विनोदवीर. होस्टचं काम सभेच्या अध्यक्षासारखं होतं: नाव पुकारायचं, जाताजाता एक टोमणा मारायचा, वेळ पाळायची. 1974 ते 1984 या काळात हाच प्रकार अमेरिकन टीव्हीवर गाजला. लास वेगासच्या एका हॉटेलात चित्रीकरण व्हायचं, आणि हसणाऱ्या पाहुण्यांचे चेहरे पुष्कळदा वेगळे टिपून नंतर जोडले जायचे. वक्त्याचा जोर कमी पडला तरी संपादनाच्या टेबलावर तो वाढवता येत असे.

आज ओळखीचा असलेला साचा 2003 नंतरच्या अमेरिकन केबल वाहिनीवरच्या रोस्टमध्ये पक्का झाला. होस्ट साधारण पाच ते आठ मिनिटांचं सुरुवातीचं भाषण करतो, मग प्रत्येक वक्त्याची दोन-तीन विनोदांत ओळख करून देतो. वक्त्याला पाच ते सात मिनिटं मिळतात. सगळ्यात शेवटी उत्सवमूर्ती उत्तर देते. या साच्यात होस्टकडे दोन साठे असतात, सुरुवातीचं भाषण आणि ओळखी. वाद कायम यावरून असतो की चांगला माल कुठे खर्च करायचा.

एक मत असं की होस्टने सुरुवातीलाच मंचावरच्या प्रत्येकाला एकेक तडाखा द्यावा, म्हणजे प्रेक्षकांना माणसं कळतात आणि मर्यादा किती ताणली जाणार तेही कळतं. हे बरोबर आहे, पण त्याची किंमत मोजावी लागते. आठ जण मंचावर असतील आणि प्रत्येकाचा ठळक विषय (घटस्फोट, आपटलेले सिनेमे, वय, वजन) होस्टने उघडला, तर चौथ्या वक्त्यापर्यंत तेच विषय तिसऱ्यांदा येतात. हशा उतरायला लागतो. म्हणून जाणते लेखक आधी सगळ्यांच्या संहिता एकत्र ठेवून विषयांची यादी करतात आणि सर्वांत बोचरे दोन-तीन विषय होस्टच्या यादीतून काढून उत्तरार्धातल्या वक्त्यांना देतात. होस्टने सुरुवातीला उत्सवमूर्तीवर कमी आणि मंचावरच्या इतरांवर जास्त बोलावं, हे मला जास्त पटतं. मुख्य शिकार लवकर थकली की पुढे काही उरत नाही.

आठ जणांचा क्रम असा लागतो. पहिला वक्ता भरवशाचा कॉमेडियन, पण सर्वांत जहाल नव्हे. त्याने पट्टी फार वर नेली तर पुढचे फिके पडतात. विनोद हा ज्यांचा पेशा नाही ते खेळाडू किंवा अभिनेते तिसऱ्या आणि पाचव्या जागी, दोन्ही बाजूंना सराईत माणसं ठेवून. सहाव्या जागी वेगळ्या सुराचा कुणीतरी, संथ किंवा विक्षिप्त, कारण एकाच तालाचे पंच ऐकून कान बधिर होतात. सातवा जहाल. आठवी जागा सर्वांत पक्क्या कॉमेडियनची, जो आधीच्या वक्त्यांचे संदर्भ जागच्या जागी पकडून परतवू शकतो. उत्सवमूर्तीला लगेच त्याच्यानंतर उभं करणं जोखमीचं असतं. इथे होस्टने अर्धा-पाऊण मिनिट मध्ये घालून प्रेक्षकांना थोडं शांत होऊ द्यायचं.

नवखा पाहुणा आपटतोच. 2011 च्या एका रोस्टमध्ये रिअॅलिटी शोमुळे प्रसिद्ध झालेल्या पाहुण्याची प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. अशा वेळी होस्टने ठरलेली ओळख तशीच वाचली तर त्याचं पडलेलं भाषण, म्हणजे सेट, पुढच्याच्याही अंगावर येतं. जे घडलं ते एका वाक्यात मान्य करायचं, हशा घ्यायचा, मग ठरलेली ओळख. उलट एखादा सेट फार रंगला तर टाळ्या ओसरू द्यायच्या आणि ओळख एका विनोदावर आणायची. तिथे स्पर्धा करणारा होस्ट स्वतःच पडतो.

मुंबईत डिसेंबर 2014 मध्ये वरळीला झालेल्या रोस्टचा होस्ट कॉमेडियन नव्हता, हिंदी चित्रपटांचा निर्माता-दिग्दर्शक होता, आणि उत्सवमूर्ती दोन होत्या. यूट्यूबवर आल्यानंतर झालेला गदारोळ, पोलिस तक्रारी आणि काढून टाकलेला व्हिडिओ सर्वांना माहीत आहेच. रचनेची बाब मागे पडली: दोन लक्ष्यं असली की प्रत्येक सेट दुभागतो आणि शेवटचं उत्तरही वाटून द्यावं लागतं. होस्टवर मात्र मनसोक्त टोले पडू शकले, कारण तो त्या उद्योगातला सगळ्यांच्या ओळखीचा बडा माणूस होता. होस्टने हसत मार खाल्ला की बाकीच्यांनाही रुसायला जागा राहत नाही.

मे 2024 मध्ये एका निवृत्त अमेरिकन फुटबॉलपटूचा रोस्ट सुमारे तीन तास थेट प्रक्षेपित झाला. थेट म्हणजे पडलेला सेट छाटायची सोय नाही, आणि कागदावर सहा मिनिटांचा सेट हशामुळे आठवर जातो. आठ वक्त्यांमागे सोळा मिनिटं वाढतात. ती भरून काढायला कापता येतात त्या होस्टच्याच ओळखी, म्हणून थेट कार्यक्रमात प्रत्येक ओळखीची लांब आणि एका ओळीची अशा दोन आवृत्त्या तयार ठेवतात.