टीव्हीवर डायलॉग कळत का नाहीत, आणि रिमोटवरून काय करता येतं

बातम्या लावल्या की शब्द न् शब्द कळतो, आणि त्याच टीव्हीवर वेब सिरीज लावली की घरातलं कोणीतरी विचारतंच, "काय म्हणाला गो तो?" मग आवाज वाढवायचा, तेवढ्यात पडद्यावर गाडी उडते आणि अख्खं घर हादरतं, म्हणून परत कमी करायचा. हे रोजचंच झालंय. पण बातम्या आणि सिरीजमधला हा फरक लक्षात ठेवा, कारण बिघाड कुठे आहे ते त्यावरूनच कळतं. बातम्या देणाऱ्याचा माईक तोंडाजवळ असतो, मागे म्युझिक जवळजवळ नसतं. त्या स्पष्ट ऐकू येत असतील तर गडबड सिनेमाच्या आवाजाच्या मिक्समध्ये, म्हणजे डायलॉग, म्युझिक आणि बाकीचे आवाज एकत्र मिसळण्यात आहे, आणि बातम्याही घोगऱ्या येत असतील तर स्पीकर, खोली नाहीतर साऊंडची सेटिंग बघायची. अजून खात्री हवी तर टीव्हीला हेडफोन लावून तोच सीन ऐका. हेडफोनवर नीट कळतंय म्हणजे मिक्स ठीक आहे, दोष स्पीकर किंवा खोलीत.

आता स्पीकरचं बघू. पान, कान, तान हे शब्द मोठ्याने बोलून पाहा. तिन्हींत "आन" तोच आहे, फरक फक्त पहिल्या व्यंजनाचा, आणि ते व्यंजन क्षणभरच वाजतं. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंप, आकडा जितका मोठा तितका आवाज बारीक. स्वरांचा जोर मुख्यतः १००० हर्ट्झच्या खाली असतो. प, त, क यांचा फरक ओळखायच्या खुणा साधारण २००० च्या वर भेटतात, स तर ४००० ते ८००० च्या आसपास, श त्याच्या थोडा खाली. म्हणजे आवाज किती मोठा आहे ते स्वर सांगतात आणि शब्द कुठला ते बऱ्याच अंशी व्यंजनं सांगतात. पातळ टीव्हीत समोर स्पीकर बसवायला जागाच नसते, म्हणून ते खाली किंवा मागे तोंड करून बसवतात. २५० हर्ट्झच्या आवाजाची लाट सव्वा मीटरपेक्षा लांब असते, ती टीव्हीला वळसा घालून आरामात पुढे येते. ४००० हर्ट्झची लाट जेमतेम साडेआठ सेंटिमीटर, ती ज्या दिशेला सोडली तिकडे सरळ जाते, भिंतीवर किंवा फळीवर आपटते आणि फिरून आपल्यापर्यंत येईस्तोवर अर्धी संपलेली असते. त्यामुळे स्वर पूर्ण पोचतात, व्यंजनं अर्धवट, आणि तोंडावर हात ठेवून बोलल्यासारखं ऐकू येतं.

त्यात आपली गोव्यातली घरं, खाली गुळगुळीत टाईल्स किंवा लादी, उंच छप्पर, भिंती मोकळ्या, खिडक्यांना पातळ पडदे. उन्हाळ्यात अशी खोली थंड राहते हे खरं, पण आवाज तिच्यात घुमत राहतो, मागच्या अक्षराचा घुमारा पुढच्या अक्षरावर चढतो.

मिक्सचं प्रकरण वेगळं आहे आणि मला वाटतं लोकांना सगळ्यात कमी माहीत असलेलं हेच. सिनेमा बहुतेक वेळा ५.१ मध्ये मिक्स होतो, म्हणजे आवाजाचे पाच चॅनल, प्रत्येक वेगळ्या स्पीकरसाठी, आणि एक फक्त खर्जासाठी. डायलॉग जवळजवळ सगळे मधल्या, म्हणजे सेंटर चॅनलमध्ये असतात. थिएटरात त्याला पडद्यामागे स्वतःचा स्पीकर असतो, म्हणून म्युझिक डावी-उजवीकडून येतं, बोलणं मधून येतं आणि कान दोन्ही वेगळं करू शकतो. घरच्या टीव्हीला असतात दोनच स्पीकर. मग टीव्ही सेंटरचा आवाज साधारण ३ डेसिबलने उतरवून डाव्यात आणि उजव्यात मिसळतो, त्याच दोन स्पीकरांत म्युझिक, पाऊस, गाड्या, मागून येणारे आवाज सगळं कोंबतो, आणि एकूण बेरीज फाटू नये म्हणून कधी सगळंच थोडं दाबतो.

शिवाय हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर. सगळ्यात मोठा आवाज शून्य धरला तर नेटफ्लिक्सच्या नियमाप्रमाणे डायलॉगची सरासरी पातळी उणे २७ डेसिबलच्या आसपास ठेवावी लागते, आणि धमाक्याचं टोक उणे २ पर्यंत चढू शकतं. म्हणजे २५ डेसिबलचा फरक. कानाला दर १० डेसिबलला आवाज साधारण दुप्पट वाटतो, तर हिशोब तुम्हीच करा. थिएटरात ते शोभतं, घरी बाळ झोपलेलं असताना नाही.

डिचोलीला मावशीकडे त्रेचाळीस इंची टीव्ही लाकडी शोकेसच्या कप्प्यात आत सरकवून ठेवला होता, स्पीकर खाली तोंड केलेले, आवाज थेट फळीवर आणि कप्पा ढोलासारखा घुमत होता. बातम्या ऐकल्या, त्याही घोगऱ्या, म्हणजे सुरुवात स्पीकरपासून. पहिल्यांदा टीव्ही कप्प्यातून ओढून फळीच्या अगदी कडेला आणला, तेवढ्यानेच फरक पडला. मग सेटिंगमध्ये Sound उघडलं. मोड Movie वर होता आणि Surround चालू, हे दोन्ही बोलण्याचे वैरी. Surround बंद केलं, कारण दोन स्पीकरांतून आवाज पसरल्याचा भास द्यायला तो आवाजाशी खेळतो आणि मधला आवाज पातळ होतो. मोड Clear Voice केला, काही टीव्हींत यालाच Speech किंवा Dialog म्हणतात. मग Equalizer मध्ये 100 Hz ची पट्टी चारेक खाने खाली, 300 Hz ची दोन खाली आणि 3 kHz ची तीन वर. यात खर्ज कमी करणं हे वरचं वाढवण्याइतकंच महत्त्वाचं, कारण खर्जातला मोठा आवाज वरच्या बारीक आवाजाला कानातच झाकून टाकतो. म्हणूनच नुसता व्हॉल्यूम वाढवून काही होत नाही, झाकणारा आवाजही तेवढाच वाढतो. 3 kHz फार वर नेलं तर "स" शिट्टीसारखा टोचायला लागतो, तसं झालं की एक पायरी खाली या.

बातम्या सुधारल्या पण सिरीज अजून थोडी दबलेलीच होती, म्हणून शेवटी ॲप. चालू एपिसोडमध्ये Audio & Subtitles उघडलं तर ट्रॅक 5.1 चा निवडलेला. साधा स्टिरिओ ट्रॅक दिला असेल तर तो घ्या, तो बऱ्याचदा दोन स्पीकरांसाठी वेगळा तपासून बनवलेला असतो आणि टीव्हीला स्वतः मिसळामिसळ करावी लागत नाही. प्राईम व्हिडिओवर २०२३ पासून काही कार्यक्रमांना Dialogue Boost असा ट्रॅकही मिळतो, त्यात बोलणं उचलून दिलेलं असतं. रात्री Auto Volume किंवा Night Mode लावा, तो धमाके दाबतो आणि कुजबूज वर आणतो, पण गाण्याचा कार्यक्रम असेल तेव्हा बंद करा कारण तबल्याची थाप सपाट होते.

एक गोंधळ खूप जण करतात. Digital Audio Output मध्ये Auto चं PCM करून टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरवर फरक शोधत बसतात. ती सेटिंग बाहेर जोडलेल्या साऊंडबारसाठी किंवा ॲम्पसाठी असते, आतल्या स्पीकरला तिचा संबंध नाही.

आणि काही गोष्टी सेटिंगच्या बाहेरच्या आहेत. जूनमध्ये पत्र्यावर पाऊस कोसळतो तेव्हा त्याचा आवाज वरच्या पट्टीतही पसरलेला असतो आणि नेमकी व्यंजनंच गिळतो, तेव्हा सबटायटल लावा, लाजायचं काही नाही. वय वाढलं की कानही आधी वरचीच पट्टी सोडतो, तेव्हा आजोबांना सगळ्यांचं बोलणंच अस्पष्ट येत असेल तर टीव्हीशी न झगडता कान तपासून घ्या.

साऊंडबार घ्यायचाच असेल तर खोक्यावर २.१ नाही, ३.० किंवा ३.१ शोधा, त्यातला तिसरा म्हणजे सेंटर. आणि जुना ॲम्प वापरत असाल आणि सेंटरचा स्पीकर जोडलेलाच नसेल तर त्याच्या मेन्यूत Center समोर None करा, नाहीतर म्युझिक छान वाजेल आणि डायलॉग जवळपास गायब.